गठ्ठा उलटा की सुलटा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी गेल्या वर्षी पडलो. पायरीवरून नाही, कार्यक्रमात.

वार्षिक कार्यक्रमात दहा मिनिटं किस्से सांगायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मानधन म्हणून नारळ मिळतो आणि शाल पांघरतात. गेल्या वेळी मी ‘बँकेतली रांग’ हा विषय घेतला. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ इथून सुरुवात केली. मग जेवणाची सुट्टी, मग ‘उद्या या’, मग दोरीनं बांधलेला पेन. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि किस्से सांगणाऱ्याला शांततेइतकं लागट काही नसतं. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या ओळीतले एक आजोबा काठी टेकत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “समदं खरं हाय, बाबा. पण हे तर आमाला ठावंच हाय की. तू सोता काय बघितलंस ते सांग.”

मी स्वतः काहीच बघितलं नव्हतं. रांगेत उभा असायचो तेव्हा मोबाइल बघायचो, आणि रांगेवर बोलायचो तेव्हा दुसऱ्यांचे विनोद सांगायचो. तेव्हाच ठरवलं की पुढची रांग वही घेऊन काढायची.

ती रांग नोव्हेंबरात आली. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, नोकरी बरीचशी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. ते गेल्यावर मायला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. राज्य सरकारच्या पेन्शनवाल्यांसाठी सोय अशी की जिल्ह्याचं कोषागार ज्या त्या बँकेत त्या शाखेतल्या पेन्शनरांची यादी पाठवतं. आपण जायचं, ओळख पटवायची आणि यादीत आपल्या नावासमोर सही करायची किंवा अंगठा उठवायचा. महिना संपेपर्यंत सही झाली नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबतं. ते कायमचं बुडत नाही, दाखला दिला की मागचं धरून मिळतं. पण मधल्या काळात सरकारच्या लेखी माणूस अधांतरी असतो.

खरं तर बँकेत जायचीही गरज नव्हती. ‘जीवन प्रमाण’ नावाची डिजिटल सोय १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली. आधी त्याला बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागायचं, २०२१ पासून नुसता चेहरा मोबाइलसमोर धरला तरी चालतं. मी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात मायला ओसरीवर बसवलं आणि फोन समोर धरला. समोरचा चेहरा जिवंत माणसाचा आहे की फोटो, हे ओळखायला ते अ‍ॅप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं.

“माय, डोळे मिचकाव.”

“कोणाला?”

“फोनला.”

“ह्या वयात?”

आणि ती फोनकडे एकटक बघत बसली. जन्मात कधी इतका वेळ पापणी न हलवता बसलेली मी तिला पाहिली नव्हती. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अ‍ॅपनं नकार दिला. म्हटलं, मग उद्याच बँकेत जाऊ, पहिल्या आठवड्यात सही करून मोकळं होऊ. तर म्हणे गुडघे दुखायलेत. मग कार्तिकी एकादशी. मग म्हणे वेचणीला बाया मिळाल्यात, त्यांच्या चहापाण्याला कोण बघंल? असं करत करत २४ तारीख उजाडली तेव्हा तीच सकाळी सातला नेसून तयार. “चल, आज जाऊ.” तिच्या या टाळाटाळीचं कारण मला त्या दिवशी परतताना कळलं, ते पुढं येईलच.

सव्वानऊला पोचलो. बँकेचं शटर बंद. शटरजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावर पासबुकांचा गठ्ठा आणि त्यावर अर्धी वीट. आमच्याकडे नंबर असा लावतात. येणारा आपलं पासबुक गठ्ठ्यावर ठेवतो, वीट परत वर ठेवतो आणि सावलीला जाऊन बसतो. मायचं पासबुक चौथं लागलं. दहा वाजेपर्यंत गठ्ठ्यात तेवीस पासबुकं झाली. माणसं मोजली तर नऊच दिसत होती. बाकीचे चौदा चहाला, गिरणीत, पंचायत समितीत आणि एक जण न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत. त्यांचं नागरिकत्व पासबुकानं सांभाळलेलं.

मी वही काढली आणि पहिलीच ओळ लिहिली: ‘जिवंत माणूस समोर उभा असताना जिवंत असल्याचा पुरावा मागतात.’ मोठी खूश होऊन लिहिली. पेनाचं टोपण लावतोय तोवर शेजारच्या काकांनी हेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. मग पानाच्या टपरीवरून आलेल्या एकानं म्हटलं. दहा वाजायच्या आत चार जणांच्या तोंडून ते ऐकलं, आणि चौघांनाही ते त्यांना स्वतःला सुचलंय असं वाटत होतं. मी वहीतली ओळ खोडली. जो विनोद रांगच करते तो रांगेबाहेर नेऊन विकता येत नाही. गेल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. दोरीनं बांधलेला पेनही त्याच न्यायानं गेला. तसाही तिथं पेन नव्हता, नुसती दोरी होती.

पण पेनाकडे बघता बघता दुसरं काही दिसलं. एका आजींच्या नातवाला अर्ज भरायचा होता. त्यानं शेजारच्या शर्टाच्या खिशात पेन बघून मागितला. खिशाच्या मालकानं पेन काढला, टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि बिनटोपणाचा पेन दिला. आणि मूठ झाकून तो त्या पोराच्या मागंच उभा राहिला. थोड्या वेळानं लक्षात आलं की आणखी दोन मुठी अशाच झाकलेल्या आहेत. वहीत लिहिलं: ‘शाखेतलं सगळ्यात जलद कर्जवाटप. तारण: टोपण.’ हे मी खोडलं नाही. हे कुणी म्हणत नव्हतं, सगळे नुसते करत होते.

ज्याला रांगेतलं गमतीचं काही हवं असेल त्यानं माणसांच्या तोंडापेक्षा हातांकडे बघावं. तोंडं सगळी एकच बोलत असतात.

पुढचा तपशील मात्र बोलण्यातूनच निघाला. आधार कार्ड बाहेर काढून ठेवायची सूचना आली तेव्हा एकानं चष्मा नसल्यानं शेजाऱ्याला स्वतःचं कार्ड वाचायला दिलं. शेजारी म्हणाला, “तुमचा बी एक जूनच का?” तिसरा वळला, “माजा बी.” मी वही घेऊन चौकशीच सुरू केली. तोवर चौदा पुरुष जमले होते. त्यातल्या नऊ जणांचा वाढदिवस १ जून.

यात योगायोग काही नाही. या पिढीच्या घरी जन्माची नोंद ‘ज्या साली विहिरीला पाणी लागलं त्या साली’ अशी असायची. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. कानाला बोटं लागली की पोरगं सहा वर्षांचं. मग त्या सालातून सहा वजा करायचे, आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख १ जून. पुढं सरकारचा नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे हे नऊच्या नऊ जण वेगवेगळ्या सालांत पण ३१ मे लाच घरी गेले. हार, श्रीफळ, भाषणं, सगळं मे महिन्याच्या उन्हात.

रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी त्यात भर घातली: “ज्याचे हात लांब त्याचं बोट लवकर कानाला लागायचं. तो पाचव्या वर्षीच सहा वर्षांचा व्हायचा. म्हणजे लांब हाताचे एक वर्ष आधी रिटायर झाले.”

“आमच्या खात्यात उलटं हुतं,” मागून कुणीतरी म्हणालं. “लांब हाताचे रिटायरच हुईनात.”

बोलणारे महसूल खात्यातले निवृत्त गिर्दावर होते. नव्या पोरांसाठी सांगतो, मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडे अजून गिर्दावर म्हणतात आणि नायब तहसीलदाराला पेशकार. निजाम गेला तरी हुद्दे इथंच राहिले. गिर्दावर साहेबांनी आयुष्यभर लोकांना सावलीत बसवून ठेवलं होतं, आता स्वतः सावलीत बसले होते. तक्रार काही नव्हती. शेंगा फोडून खात होते आणि टरफलं रुमालात गोळा करत होते. हे साहेब लक्षात ठेवा.

दहाला शटर वर गेलं आणि गठ्ठ्याचं रामायण सुरू झालं.

त्यात अडचण अशी की येणारा प्रत्येक जण पासबुक वर ठेवत जातो. म्हणजे सकाळी सगळ्यात आधी आलेल्याचं पासबुक तळाला आणि शेवटी आलेल्याचं सगळ्यात वर. गठ्ठा तसाच टेबलावर गेला आणि बँकेतल्या साहेबांनी वरून उचलायला सुरुवात केली की शेवटचा पहिला होतो. तेवीस पासबुकांच्या गठ्ठ्यात आमचं तळापासून चौथं, म्हणजे वरून विसावं. उपाय सोपा आहे, गठ्ठा एकदा पालथा करायचा. मुख्याध्यापकांनी शटर वर जाताना तो केला. सगळ्यांच्या देखत केला, सांगून केला.

मग शिपायानं गठ्ठा आत नेला. शिपायाची नोकरी वीस वर्षांची, त्याला पक्कं ठाऊक की बाहेरून गठ्ठा येतो तो उलटाच असतो. त्यानं टेबलावर ठेवताना पालथा केला.

टेबलामागचे साहेब पोरगेले, बिहारकडचे, या शाखेत येऊन दोन वर्षं झालेली. पण शिकलेले. त्यांनाही पहिल्या वर्षी मार खाऊन कळलं होतं की गठ्ठा पालथा करून घ्यावा लागतो. त्यांनी केला.

इथवर तीन वेळा झालं, आणि तीन ही विषम संख्या असल्यानं गठ्ठा बरोबर होता. तीन अनुभवी माणसांनी एकमेकांना न विचारता केलेलं काम चुकून बरोबर आलं होतं. पण बाहेरच्या एका जावयानं ते बघितलं. तो सासूबाईंना घेऊन अगदी शेवटी आला होता, त्यांचं पासबुक तेविसावं. तो खिडकीतून ओरडला, “साहेब, पलटी हो गया! उलटा हो गया सब!” साहेबांनी घाईघाईनं गठ्ठा परत पालथा केला. चौथ्यांदा.

पहिलं नाव पुकारलं गेलं ते जावयाच्या सासूबाईंचं.

आता जे झालं ते मी वहीत जमेल तसं उतरवलं, पण वेग कमी पडला. “आरं आमी नवापासून बसलाव!” “मी गठ्ठा पालथा केला होता, सगळ्यांनी पाहिलंय!” “शिपायानं बी केलाय की!” “मंग दोनदा केला म्हंजी केलाच न्हाई!” जावई म्हणत होता, “नाव त्यांनी पुकारलं, मी काय करू?” सासूबाई तोवर टेबलापाशी पोचून पदरातून आधार कार्ड सोडत होत्या. साहेबांनी दोन्ही हात गठ्ठ्यावर ठेवले होते, वाऱ्यानं उडेल म्हणून धरावेत तसे. दोन पक्ष पडले. एक म्हणे पालथा करा, दुसरा म्हणे हात लावू नका. गंमत म्हणजे पहिल्या पक्षात सगळे सकाळी लवकर आलेले होते आणि दुसऱ्यात सगळे उशिरा आलेले. नियमावर वाद चालला होता, पण प्रत्येकाचा नियम त्याच्या पासबुकाच्या जागेवरून निघत होता.

शेवटी कुणीतरी म्हणालं, “साहेबांना इचारा.” साहेब म्हणजे गिर्दावर साहेब. ते शेंगा खातच होते. त्यांनी रुमालाची गाठ मारली, उठले, टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “गठ्ठ्याला आता कोणीच हात लावायचा न्हाई. साहेब, आप नीचे से निकालो. एकेक, नीचे से.”

निकाल दोन्ही पक्षांनी मानला. जावयानंसुद्धा. “गिर्दावर साहेबाला काय, ना घेणं ना देणं,” असं लोक म्हणाले, आणि मलाही त्या वेळी माणूस मोठा निःपक्षपाती वाटला. घरी येऊन वहीतले आकडे मांडले तेव्हा कळलं: साहेबांचं पासबुक बारावं होतं. तेवीसच्या गठ्ठ्यात बारावं बरोबर मध्यात येतं. खाली अकरा, वर अकरा. गठ्ठा चारदा पालथा करा की चाळीसदा, त्यांचा नंबर बाराच. तेवीस माणसांत एकच माणूस असा होता की ज्याला न्याय करायला काहीच खर्च येत नव्हता, आणि न्याय त्यालाच मागितला गेला. त्यांना हे ठाऊक होतं का? तीस-पस्तीस वर्षं बांधाच्या भांडणांत मोजणी केलेला माणूस. माझ्या मते शेंगांची पुडी सोडायच्या आधीच त्यांनी हिशेब केलेला असणार.

बँकेतले साहेब खालून पासबुक ओढायला लागले. एका हातानं गठ्ठा उचलून धरायचा, दुसऱ्यानं तळाचं काढायचं. गठ्ठा पडला नाही. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. पण पडला असता तरी मी तो किस्स्यात घातला नसता. तेवीस पासबुकं जमिनीवर विखुरणं ही नाटकातली गोष्ट वाटते. ऐकणारा तिथं थांबतो आणि म्हणतो, हे काही झालेलं नाही. आणि मग बारावं पासबुकही त्याला खोटं वाटायला लागतं.

चौथा नंबर आमचा. मायला खुर्ची दिली. मराठी फारसं येत नसलं तरी ‘हयात’ हा शब्द साहेबांना पक्का येत होता, आणि तेवढ्यावर त्यांचा नोव्हेंबर निघत होता. आधार बघितलं, चेहरा बघितला, पीपीओचा म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर यादीत शोधला. मग एक छोटा कागद पुढं केला. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईला दर वर्षी असंही लिहून द्यावं लागतं की मी पुनर्विवाह केलेला नाही. नियम आहे, सगळ्यांना सारखा. साहेबांना तो प्रश्न मोठ्या माणसाला विचारायचा संकोच वाटत होता हे त्यांच्या कानांवरून दिसत होतं, कान लाल झाले होते. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “माताजी ने दुबारा शादी तो नहीं...?”

माय शहात्तर वर्षांची. हिंदी तिला कळतं, हैदराबादेत तिचं आजोळ होतं. तिनं क्षणभर विचार केला, खरोखर केल्यासारखा.

“औंदा तर न्हाई, लेकरा. फुडल्या साली बी इचारा.”

मागची आठ-दहा माणसं हसली. साहेबांना मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा तेही हसले, आणि मायनं तोवर पुढचा प्रश्न टाकला होता, “आपकी हुई क्या शादी?” नाही झाली, असं कळल्यावर जावयाच्या सासूबाई परत टेबलापाशी आल्या. त्यांचं काम होऊन पंधरा मिनिटं झाली होती, पण त्या गेल्या नव्हत्या.

मी या एका वाक्यावर नंतर बराच विचार केला. माय काही विनोद करायला गेली नव्हती. सरकार दर वर्षी विचारतं, म्हणजे सरकारला आशा आहे, मग एकदम नाही कशाला म्हणायचं, असा तिचा सरळ हिशेब. प्रश्न दर नोव्हेंबरात येतो ही गोष्ट मला माहीत होती. तिनं ती फक्त उत्तरात धरली. मी वर्षभर बसून हे लिहिलं नसतं.

मग सहीची यादी समोर आली. माय सही करते, पण सावकाश. त्या दिवशी जरा जास्तच सावकाश. चष्मा पुसला, यादी जवळ ओढली, पहिल्या पानापासून बोट फिरवायला लागली. साहेब म्हणाले, “माताजी, यहाँ, तीसरा पन्ना.” तिनं मान हलवली आणि पहिल्याच पानावर राहिली. मी म्हणालो, “माय, मागं लोक थांबलेत.” ती म्हणाली, “थांबू दे की.” मग दुसरं पान. मग तिसरं, तिथं स्वतःची सही. मग चौथं पानही बघितलं. तीन-चार मिनिटं गेली असतील. मागून कुरकुर सुरू झाली, आणि मला शरमल्यासारखं झालं. वहीत मी लिहिलं: ‘मायला नाव सापडेना.’

बाहेर आलो. अतिवृष्टीचं अनुदान पडलंय का बघायला आलेल्यांची वेगळी रांग पासबुक छापायच्या यंत्रापुढं लागली होती, तिच्यातून वाट काढत ऑटोपर्यंत पोचलो. ऑटोत बसल्यावर माय म्हणाली, “माजलगावच्या चौकीदाराच्या घरचीची सही झालेली हाय.”

“कोण?”

“तुज्या बापासंगं कालव्यावर चौकीदार हुता, त्याची बायको. तिचं पेन्शन इथंच हाय, लेकीजवळ राहती म्हणून. मागच्या साली सही नव्हती, मला वाटलं गेली बिचारी. हाय. अंगठा न्हाई, सही हाय. म्हंजी हात चालायला.” मग थोडं थांबून, “मोजणीदाराची आक्का गेली. नावावर रेघ मारली. आन सेक्शन ऑफिसरीण बाईंची आजून झाली न्हाई, पण ती पहिल्यापासून शेवटच्या तारखेलाच येती.”

माझी वही उघडी होती, पण मी काही लिहिलं नाही.

“म्हणून पहिल्या आठवड्यात येत नव्हतीस?”

“पहिल्या आठवड्यात यादी कोरी असती, बाबा. कोरी यादी बघून काय कळतं?”

“आणि त्या फोनपुढं डोळे मुद्दाम नाही मिचकावलेस?”

माय बाहेर बघत होती. वळली, माझ्याकडे बघितलं आणि डावा डोळा मिचकावला.